दर वेळी एकाच पायाचा सोल आधी झिजतो? नवा जोड घेण्याआधी जुने तीन जोड शेजारी ठेवा

वाशीतल्या माझ्या बूट दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार वर्षभर येत राहते. "डावा बूट अजून धडधाकट आहे, उजव्याची टाच मात्र पार गेली. मागच्या जोडाचंही असंच झालं होतं." कंपनी बदलून होते, महागाचा बूट घेऊन होतो, तरी काही महिन्यांत तीच टाच आणि तोच कोपरा. मग माणूस मोबाईलवर सोलच्या झिजेची चित्रं बघतो, आपला सोल त्यातल्या एकाशी जुळवतो आणि 'माझा पाय आत पडतो' किंवा 'बाहेर पडतो' असं ठरवून त्यावरचा म्हणून विकला जाणारा बूट घेऊन येतो. निम्म्या वेळा त्या बुटानं त्रास वाढतो.

इथे मी फक्त याच अडचणीबद्दल लिहितोय. दोन पायांची झीज सारखी नाही आणि जोड बदलला तरी ती परत येते, एवढीच. दोन्ही सोल एकसारखे झिजत असतील आणि पाय, गुडघा, कंबर काही दुखत नसेल, तर तुमची चाल कशीही असो, तिच्यात ढवळाढवळ करायचं कारण नाही. सोल संपला की त्याच प्रकारचा दुसरा जोड घ्यायचा.

झीज घासण्यानं होते, भारानं नाही

बहुतेकांची चूक इथेच होते. सोल जिथे झिजला तिथे सगळ्यात जास्त वजन पडतं, असं आपण धरून चालतो. पण खोडरबर कागदावर नुसतं दाबून धरलं तर झिजत नाही, घासलं की झिजतं. बुटाच्या तळाच्या रबराचंही तसंच आहे. जमिनीला टेकताना किंवा जमीन सोडताना जो भाग किंचित सरकतो, तो आधी जातो.

चालताना पाय पुढे टाकला की बहुतेक माणसांची टाच मागच्या बाजूनं, थोडी बाहेरच्या काठावर टेकते. आपण दोन्ही पाय शरीराच्या मधल्या रेषेजवळ टाकतो, त्यामुळे टेकण्याच्या क्षणी तळपाय किंचित बाहेरच्या कडेवर असतो. तिथून तो आतल्या बाजूला लवतो, कमान थोडी दबते, धक्का शोषला जातो, मग भार चवड्यावर सरकतो आणि शेवटी अंगठा जमीन मागे ढकलतो. पाय आत लवणं हा दोष नाही, चालण्याची ती रोजची रीतच आहे. म्हणून निरोगी चालीच्या सोलवर झीज दोन ठिकाणी सापडते: टाचेच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यावर, आणि चवड्याखाली अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी.

म्हणजे नुसती टाच बाहेरून झिजली आहे एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. ती जवळपास सगळ्यांची तशीच झिजते. दुकानात सोल उलटा करून "बघा, बाहेरून झिजलाय, तुम्हाला सपोर्टवाला बूट लागेल" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. आतल्या बाजूला जास्त आधार असलेला बूट पाय आत लवू नये म्हणून बनवलेला असतो. ज्याचा पाय आधीच बाहेरच्या कडेवर राहतो त्याला तो आणखी बाहेर ढकलतो, आणि असा माणूस खड्ड्यात पाय पडला की घोटा मुरगळून घेतो.

भाराची खूण रबरावर नसते, त्याच्या वरच्या थरांत असते. रबर आणि पाय यांच्यामध्ये जो फोमचा थर असतो, म्हणजे मिडसोल, तो वजनानं दबतो आणि पुन्हा पुरता फुगत नाही. त्याच्यावरचा सुकतळाही पायाचा ठसा धरतो. बूट वाचायचा तर रबर, फोम आणि सुकतळा असे तिन्ही थर बघावे लागतात. तिघं एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी माना.

घरी बघायचं कसं

बूट आधी धुवा. तळाच्या खाचांत चिखल आणि खडी असेल तर काहीच कळत नाही. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि सावलीत वाळवणं एवढं पुरे. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवलेल्या बुटाचा फोम आकसतो, सोल चिकटवलेला डिंक सुटतो, आणि मग तुम्ही आपल्या चालीऐवजी उन्हाचा परिणाम वाचत बसता.

आता जोड सपाट पृष्ठभागावर ठेवा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र टाकून चालेल. लादी शक्यतो नको, दोन लाद्यांच्या सांध्यावर बूट आला तर तो उगाच डुगडुगतो. शंका असेल तर बूट त्याच जागी उलट्या दिशेनं फिरवून ठेवा. कलण्याची बाजू बुटाबरोबर फिरली तर दोष बुटात आहे, नाही फिरली तर टेबलात.

पहिलं बघणं मागून. डोळे टेबलाच्या उंचीला आणा आणि टाचेमागचा कडक भाग, ज्याला आम्ही काउंटर म्हणतो, तो सरळ उभा आहे का ते बघा. मागच्या मधल्या शिवणीला पट्टी उभी लावली की कल चटकन दिसतो. नवा असताना सरळ असलेला काउंटर आता घोट्याच्या आतल्या बाजूला झुकलेला असेल तर पाय आत दाबत होता, बाहेर झुकलेला असेल तर बाहेर. माझ्या मते रबराच्या झिजेपेक्षा ही खूण जास्त विश्वासाची आहे.

दुसरं, टाचेची झीज मोजणं. यासाठी मुदत संपलेली डेबिट कार्डं वापरा. अशा एका कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे चार कार्डं साधारण तीन मिलिमीटर. बूट टेबलावर नीट टेकवून टाचेच्या बाहेरच्या काठाखाली किती कार्डं ओढाताण न करता सरकतात ते मोजा, मग आतल्या काठाखाली. डाव्या आणि उजव्या बुटाचे आकडे कागदावर लिहून ठेवा. एक सावधगिरी मात्र हवी. बऱ्याच स्पोर्ट्स शूजच्या टाचेचा मागचा कोपरा कारखान्यातच तिरका कापलेला असतो, आणि त्याच्याखालीही कार्ड जातं. म्हणून एका बुटाच्या आकड्याला अर्थ नाही, दोन बुटांच्या आकड्यांतल्या फरकाला आहे. एका कार्डाचा फरक सोडून द्या. दोन किंवा त्याहून जास्त कार्डांचा फरक असेल तर पुढचं वाचा.

तिसरं, फोम. बुटाच्या कुशीवर, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, फोममध्ये आडव्या सुरकुत्या पडतात. एका बाजूला त्या दाट आणि खोल असतील, अंगठ्यानं दाबल्यावर ती बाजू दगडासारखी लागत असेल आणि दुसरी अजून लवचिक असेल, तर भार कुठे जात होता हे कळलं. शेवटी सुकतळा बाहेर काढून उजेडात धरा. काळे, चकचकीत ठसे कुठे आहेत ते बघा. अंगठ्याचा ठसा अजिबात नाही आणि करंगळीच्या मुळाशी मात्र खोल खड्डा आहे, असा सुकतळा पाय बाहेरच्या काठावर राहतो असं सांगतो. बोटांचे ठसे सुकतळ्याच्या काठाबाहेर निघाले असतील तर चालीबिलीचा विचार नंतर करा, आधी बूट लहान किंवा अरुंद आहे.

आपल्याकडच्या हवेमुळे होणारी एक फसगतही सांगून ठेवतो. कपाटात ठेवलेला फॉर्मल बूट पावसाळ्यानंतर काढला आणि टाच भुगा होऊन गळाली, तर ती झीज नव्हे. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्यानं आतून विघटित होतो, आणि न वापरता ठेवलेला बूट असाही जातो. त्यातून चालीबद्दल काही शोधू नका.

तीन जोड शेजारी ठेवण्याचं कारण

एक जोड बघून एवढंच कळतं की झीज एकांगी आहे. ती कशामुळे, हे एका जोडातून कधीच कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या कामांचे तीन जोड हवेत: सकाळी फिरायला जायचे बूट, ऑफिसला किंवा शाळेत घालायची चप्पल-सँडल, आणि घरातली स्लिपर.

युक्तिवाद सरळ आहे. पाय तिन्ही ठिकाणी तेच असतात, बाकी सगळं बदलतं. फरक शरीरात असेल, म्हणजे एक पाय किंचित आखूड, एक घोटा ताठर, एका बाजूचा खुबा कमजोर, तर तो तिन्ही जोडांवर उमटायला हवा. घरातली स्लिपरही सुटणार नाही. फरक फक्त फिरायच्या बुटांत असेल तर कारण फिरण्याच्या वाटेत आहे. फक्त ऑफिसच्या बुटांत असेल तर ऑफिसच्या प्रवासात किंवा बसण्याच्या सवयीत शोधा.

घरातली स्लिपर मला सगळ्यात उपयोगी वाटते. ती सपाट असते, तिला कसला आधार नसतो, लादीशिवाय दुसरी जमीन तिला माहीत नसते आणि लोक ती वर्षानुवर्षं बदलत नाहीत. तिच्यावर अंगठा, टाच, चवडा यांचे खड्डे स्पष्ट दिसतात. लोक मात्र दुकानात नेमकी तीच आणायला लाजतात.

नेरुळच्या बाईंचा जोड

पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका, नेरुळला राहणाऱ्या. रोज सकाळी तासभर चालतात. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं आणि त्याच सुमाराला उजव्या बुटाची टाच बाहेरून पार बसली. एका दुकानात त्यांना आतून कडक आधार असलेला जोड दिला गेला. त्यानं डाव्या पायाला जरा बरं वाटलं, पण उजवा पाय दोनदा मुरगळला. नवा जोड तीन महिन्यांत परत तसाच झाला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दादा, उजव्या टाचेला जाड पॅच मारून द्या म्हणजे सरळ होईल."

मी पॅच मारला नाही. जुना जोड टेबलावर ठेवला. उजव्या टाचेच्या बाहेरच्या काठाखाली पाच कार्डं गेली, डाव्याच्या बाहेरच्या काठाखाली एकच, तेही जेमतेम. मागून बघितलं तर डावा काउंटर आत झुकलेला आणि उजवा बाहेर, म्हणजे दोन्ही बूट एकाच दिशेला, त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला कललेले. दोन्ही बूट आत किंवा दोन्ही बाहेर झुकलेले असते तर मी पायाचा विचार आधी केला असता. दोन्ही एकाच दिशेला झुकले की पहिला संशय जमिनीवर घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेची सँडल आणि घरातली स्लिपर घेऊन आल्या. सँडलच्या दोन्ही टाचांखाली दोन-दोन कार्डं, बाहेरच्या कोपऱ्यात, अगदी जोडीनं. स्लिपरवर दोन्ही अंगठ्यांचे खड्डे सारखेच खोल. म्हणजे पाय निर्दोष नसतील कदाचित, पण हा फरक पायांचा नव्हता.

मग वाट विचारली. त्या घरून निघून सेक्टरच्या आतल्या रस्त्यानं पाम बीच मार्गाच्या दिशेला जातात आणि त्याच रस्त्यानं परत येतात. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेनं चालतात. सवय चांगली आहे, सुरक्षित आहे. पण डांबरी रस्ता सपाट नसतो. पावसाचं पाणी गटाराकडे वाहावं म्हणून तो मध्ये उंच आणि कडेला खाली बांधतात, साधारण २ ते २.५ टक्के उतारानं, म्हणजे एक मीटर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटर. आपल्याकडे पाऊस जास्त म्हणून उतारही बऱ्यापैकी ठेवावा लागतो, आणि कडेला गटाराच्या जाळीजवळ तो त्याहूनही जास्त असतो. चालणारा माणूस नेमका तिथेच असतो.

रस्त्याच्या उजव्या कडेनं चालताना जमीन तुमच्या उजवीकडे उतरते. उजवा पाय बाहेरच्या काठावर कलतो, डावा पाय आत दबतो. जाताना उजवी कड, आणि परत येतानाही तुमची उजवी कड, म्हणजे रस्त्याची दुसरी बाजू. लोकांना वाटतं की जाणं-येणं झालं म्हणजे हिशेब फिटला. तो फिटत नाही. दोन्ही वेळा उतार उजव्याच पायाकडे असतो. रोज तासभर, म्हणजे हजारो पावलं, एकाच बाजूला कललेली.

बाईंना मी मोबाईलमधलं लेव्हलचं साधन उघडून फोन एका फळीवर आडवा ठेवायला सांगितला, आणि ती फळी त्या चालतात त्या पट्ट्यावर रस्त्याच्या रुंदीच्या दिशेनं ठेवायला. आकडा ४ अंशांच्या आसपास आला. अडीच टक्के उतार जेमतेम दीड अंश भरतो, म्हणजे त्या पट्ट्यावर उतार कागदावरच्या रस्त्यापेक्षा बराच जास्त होता.

उपाय बुटाचा नव्हता. नेरुळमध्येच ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती चालायची वाट आहे. त्यांनी तिथे चालायला सुरुवात केली, एक दिवस घड्याळाच्या दिशेनं आणि दुसऱ्या दिवशी उलट. आधारवाला जोड बाजूला ठेवून साधा, कुठल्याच बाजूला जास्त आधार नसलेला, रुंद तळाचा बूट घेतला. गुडघ्यासाठी मी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, कारण दुखणारा गुडघा सोल बघून बरा होत नसतो. तीन महिन्यांनी बूट परत टेबलावर आले तेव्हा दोन्ही टाचांखाली एक-एक कार्ड गेलं आणि दोन्ही काउंटर सरळ होते.

ज्यांना अशी सपाट वाट जवळ नाही त्यांनी रुंद फुटपाथ धरावा, किंवा गाड्या नसलेल्या आतल्या गल्लीत जाताना आणि येताना रस्त्याची एकच बाजू ठेवावी, म्हणजे उतार एकदा उजव्या आणि एकदा डाव्या पायाला मिळेल. वाहता रस्ता असेल तर मात्र पाठीमागून येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून चालू नका. सोल सांभाळण्यासाठी तो धोका घेण्यात अर्थ नाही.

फक्त ऑफिसच्या बुटांत फरक असेल तर

इथे बहुतेक वेळा गाडी सापडते. रोज ठाणे-बेलापूर रोडच्या किंवा घोडबंदरच्या गर्दीत कार चालवणाऱ्याच्या उजव्या बुटाची टाच मागच्या बाजूनं गोल झिजते आणि टाचेमागचं चामडं खालच्या काठाला खरवडलेलं दिसतं. टाच मॅटवर टेकवून पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यामध्ये शेकडो वेळा फिरतो, हे त्याचं कारण. ती झीज चालण्याची नाहीच. तिचा पुरावा सोलवर शोधण्यापेक्षा गाडीच्या मॅटवर शोधा. टाचेच्या जागी मॅटला खड्डा किंवा भोक पडलेलं असेल. गाडीत एक जुना जोड ठेवणं हा एवढाच उपाय पुरतो.

मोटारसायकलवाल्यांच्या डाव्या बुटाला वरून, अंगठ्याच्या बाजूला, गिअरच्या दांड्याचा घट्टा पडतो. तो सगळ्यांना माहीत असतो. स्कूटरवाल्यांचं मात्र लक्षात येत नाही. सिग्नलला हळू सरकताना बरेच जण एकच पाय जमिनीवर घासत नेतात आणि त्या बुटाचा बाहेरचा काठ चवड्याजवळ सपाट होतो. टाच दोन्हीकडे सारखी, चवडा मात्र एकाच बाजूला खाल्लेला, असं दिसलं की मी आधी "स्कूटर आहे का?" असं विचारतो.

तिन्ही जोड एकच सांगत असतील तर

मग गोष्ट शरीराची आहे आणि बूटवाल्याचं काम इथे कमी होतं. दोन पायांच्या लांबीत थोडा फरक बऱ्याच लोकांत असतो आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. फरक आहे म्हणून लगेच टाचेखाली जाडी घालायची नसते. किती घालायची, घालायची की नाही, हे पाय मोजून ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतात. कितीतरी वेळा पाय सारख्याच लांबीचे निघतात आणि खुबा किंवा कंबर एका बाजूला वर ओढलेली असते. तिथे टाचेखालची जाडी तोच दोष पक्का करते.

काही झिजा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर मी बूट दुरुस्त करायच्या आधी डॉक्टरांकडे जायला सांगतो.

एकाच बुटाचं पुढचं टोक, अंगठ्यासमोर, घासलेलं आहे आणि ते अलीकडेच सुरू झालं आहे. याचा अर्थ तो पाय उचलताना पुरेसा वर येत नाही, जमिनीवर घासतो. घोटा वर ओढणारे स्नायू किंवा त्यांच्या नसा कमजोर झाल्या असू शकतात. घरच्यांना विचारा, चालताना पायाचा फटका मारल्यासारखा आवाज येतो का. हे दुखत नसल्यामुळे लोक ते महिनोन्महिने ओढतात.

दुसरी, एकाच बुटाची टाच आतल्या काठानं झिजणं. आधी सांगितलं तसं टाच नेहमी बाहेरून झिजते, म्हणून आतून झिजलेली टाच दुर्मीळ आणि लक्षात घेण्यासारखी. त्याच पायाची कमान गेल्या काही महिन्यांत खाली बसली असेल, आतल्या घोट्यामागे दुखत किंवा सुजत असेल, मागून बघताना त्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त दिसत असतील, तर कमान धरून ठेवणारा स्नायूबंध थकतोय असा संशय घ्यावा लागतो. त्यावर लवकर उपचार झाले तर बरंच वाचवता येतं.

आणि मधुमेह असलेल्यांनी सोल बघण्याआधी तळपाय बघावा. सुकतळ्यावर एखादा खोल खड्डा आहे आणि त्याच जागी पायावर घट्टा किंवा लाली आहे, पण दुखत काहीच नाही, ही काळजीची गोष्ट आहे. न दुखण्याचं कारण बधिरपणा असू शकतं.

मग पुढचा जोड कोणता

कारण वाटेत किंवा गाडीत सापडलं असेल तर बुटाचा प्रकार बदलू नका. कारण काढा आणि ज्या प्रकारात पायाला बरं वाटत होतं तोच घ्या.

दोन्ही काउंटर बाहेर झुकलेले, फोम बाहेरून बसलेला, सुकतळ्यावर करंगळीच्या बाजूला खड्डे आणि कमान उंच असेल, तर आतून आधाराचा बूट टाळा. मऊ, जरा जास्त गादीचा आणि चवड्याला रुंद तळ असलेला साधा बूट अशा पायाला मानवतो. दोन्ही काउंटर आत झुकलेले आणि फोम आतून बसलेला असेल, आणि सोबत काही दुखत असेल, तर कडक काउंटर आणि तळाला रुंद बैठक असलेला बूट बघा. दुकानात तीन गोष्टी हातानं करून बघता येतात. काउंटर दोन बोटांत दाबा, तो सहज चेपला तर टाच धरून ठेवणार नाही. बूट दोन्ही टोकांना धरून कपडा पिळतात तसा पिळा, तो अजिबात विरोध न करता पिळला गेला तर आधार नाही. मग टोक वर वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, मधोमध दुमडला तर नको.

काहीच दुखत नसेल आणि काउंटर थोडेसे आत असतील तर मी बूट बदलायला सांगत नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी २०१५ मध्ये मांडलं की धावणाऱ्यानं पायाच्या आत-बाहेर लवण्यापेक्षा पायाला जो बूट आरामदायी वाटतो तो निवडावा. माझा टेबलावरचा अनुभवही त्याच बाजूचा आहे. सोल वाचून काय घेऊ नये हे चांगलं कळतं. काय घ्यावं हे शेवटी पाय सांगतो. तेव्हा दोन प्रकार घालून दुकानातच पाच-दहा मिनिटं चाला. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजून घ्या आणि मोठ्या पायाच्या मापाचा जोड घ्या. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी. ब्रिटिश मापात एका पूर्ण नंबरचा फरक साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो. इतका फरक नको असेल तर अर्ध्या नंबरचा जोड मिळतो का ते विचारा.

जुन्याला पॅच मारून चालवायचं असेल तर चामड्याच्या किंवा टणक रबराच्या टाचेला तो जरूर मारा, पण मूळ उंचीएवढाच. झिजलेल्या बाजूला मुद्दाम जास्त जाडी घातली की पाय दुसऱ्या बाजूला कलतो. स्पोर्ट्स शूजचा फोम एका बाजूला बसला असेल तर खालून कितीही रबर चिकटवा, पाय वर कललेलाच राहतो. तिथे पैसे घालवू नका. धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असं धरलं जातं. रोज ५ किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस चालणाऱ्याचे महिन्याला सव्वाशेच्या आसपास होतात, म्हणजे चार महिन्यांनंतर केव्हाही फोम दाबून बघायची वेळ येते, वरून बूट कितीही नवा दिसला तरी.

नवा जोड घरी आला की पहिल्यांदा घालण्याआधी त्याच्या दोन्ही तळांचे आणि मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा आणि टाचेखाली किती कार्डं जातात ते त्याच दिवशी मोजून लिहा. कारखान्यातला तिरका काप किती आणि तुमची झीज किती, हे पुढे वेगळं करता येतं. महिन्याभरानं पुन्हा मोजा. डावी-उजवीकडे फरक दिसू लागला असेल तर त्या वेळी तो एखाद्या कार्डाचाच असतो, आणि वाट किंवा सवय बदलून बघायला हातात पुरेसा बूट शिल्लक असतो.